लागू असतील ते सर्व पर्याय निवडा: अर्धवट बरोबर उत्तराचे गुण

१. शंका कुठे येते

कामाच्या ठिकाणचे कायदेकानून शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या शेवटी जी छोटी चाचणी असते, तिच्यात 'लागू असतील ते सर्व पर्याय निवडा' असा प्रश्न आला की उत्तर देणाऱ्यांची एक शंका हमखास असते: तीन बरोबर पर्यायांपैकी दोन ओळखले आणि एक सुटला, तर काही गुण मिळतील की सगळे जातील? याच शंकेची दुसरी बाजू चाचणी घेणाऱ्याला सतावते, कारण दोन ओळखणाऱ्याला गुण द्यावेत तर डोळे मिटून सगळ्या चौकोनांत खुणा करणाऱ्यालाही ते मिळतील काय, याचे उत्तर त्याच्यापाशी तयार असावे लागते. ज्या प्रश्नात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि किती बरोबर आहेत हे सांगितलेले नसते, त्याला या प्रकरणात 'बहुनिवड प्रश्न' म्हटले आहे, आणि अपुऱ्या उत्तराला पूर्ण गुणांचा काही भाग देण्याच्या पद्धतीला 'अंशतः गुणदान'.

हे सगळे हवेत राहू नये म्हणून एकच कायदा आणि एकच प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवलेला आहे. कायदा आहे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणे हे या कायद्याच्या कलम १९ नुसार मालकाचे कर्तव्य आहे, मात्र त्या कार्यक्रमाच्या शेवटी चाचणी घ्यावी किंवा तिचे गुण कसे मोजावेत, याबद्दल कायदा काही सांगत नाही. ते ठरवण्याचे काम प्रशिक्षण देणाऱ्यावर येऊन पडते.

२. सोबतीला एक प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हा धानाचा तालुका आहे. ज्या तालुक्याचे अर्थकारण धानावर चालते, तिथे राईस मिल हे कामाचे नेहमीचे ठिकाण असते, आणि हंगामात पोती शिवायला, झाडलोट करायला रोजंदारीवर महिला येतात. अशा मिलसाठी रचलेला पुढचा प्रश्न पाहावा. यातील मिल आणि माणसे कल्पित आहेत, कायद्याची तरतूद मात्र खरी आहे.

"सिंदेवाही तालुक्यातील एका राईस मिलमध्ये एकूण सात कामगार आहेत. तिथे रोजंदारीवर पोती शिवणाऱ्या महिलेला मुकादमाकडून लैंगिक छळ सोसावा लागला. पुढीलपैकी कोणती विधाने कायद्यानुसार बरोबर आहेत? लागू असतील ती सर्व निवडा.
अ. ती रोजंदारीवर असली तरी या कायद्याचे संरक्षण तिला आहे.
आ. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीपुढे चालते.
इ. तालुक्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे ती तक्रार देऊ शकते.
ई. पोलिसांत गुन्हा नोंदवल्याशिवाय समिती तिची तक्रार घेऊ शकत नाही.
उ. घटनेला ३० दिवस उलटले की तक्रार करता येत नाही."

पहिली तीन विधाने बरोबर आहेत. कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत हंगामी, रोजंदारीवरील आणि ठेकेदारामार्फत आलेली व्यक्तीही येते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते, पण दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे जिथे ती नेमलेली नसते, आणि जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असते, तिथल्या तक्रारी जिल्ह्याची स्थानिक समिती घेते. गावातल्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागू नयेत म्हणून कलम ६ मध्ये प्रत्येक तालुक्यासाठी नोडल अधिकारी नेमण्याची सोय आहे, आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. शेवटची दोन विधाने चुकीची आहेत, कारण पोलिसांकडे जाणे ही समितीकडे जाण्याची पूर्वअट नाही, आणि तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असून सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.

३. चुकीचे दोन प्रकार

गुणांचा हिशोब मांडण्यापूर्वी एक भेद मनात पक्का करावा लागतो. सुपात तांदूळ पाखडताना एक चूक होते ती चांगला दाणा कोंड्याबरोबर उडून जाण्याची, आणि दुसरी होते ती खडा तांदळात राहून जाण्याची. बहुनिवड प्रश्नातही बरोबर पर्याय सुटणे ही एक चूक आणि चुकीच्या पर्यायावर खूण होणे ही दुसरी चूक, आणि या दोहोंचा परिणाम सारखा नसतो. नोडल अधिकाऱ्याची सोय जिला माहीत नाही, तिचा एक सोपा मार्ग हुकतो, पण दुसरा तिला ठाऊक असू शकतो. याउलट 'आधी पोलिसांत जावे लागते' असे जो मुकादम किंवा जी सहकारी मनाशी धरून बसते, ती व्यक्ती हाच सल्ला पुढे देईल आणि दुसरीच बाई तक्रार न करता घरी बसेल. नियमपालनाच्या अभ्यासक्रमात अज्ञानापेक्षा चुकीचे ज्ञान अधिक नुकसान करते, म्हणून ज्या गुणदानाला या दोन चुका वेगळ्या दिसतच नाहीत, ते इथे कामाचे नाही.

यात आणखी एक अडचण आहे. कोऱ्या चौकोनाचा अर्थ 'हे चूक आहे' असाही होतो आणि 'हे ठाऊक नाही' असाही होतो, आणि कागदाकडे किंवा पडद्याकडे पाहून ते ओळखता येत नाही. कोऱ्या चौकोनाला कोणत्या पद्धतीत काय किंमत मिळते, हे पुढे पाहताना म्हणून विशेष लक्ष द्यावे लागते.

४. चार पद्धती, पाच उत्तरे

वरचा प्रश्न सहा गुणांचा आहे असे धरले, तर तो तपासण्याच्या चार पद्धती वापरात दिसतात.

पहिली 'सगळे किंवा शून्य': नेमके अ, आ, इ निवडले तर ६, एरवी ०. दुसरी 'फक्त बरोबर मोजणे': प्रत्येक बरोबर खुणेला २, चुकीच्या खुणेची दखल नाही. तिसरी 'प्रत्येक चौकोन मोजणे': पाच चौकोन म्हणजे पाच निर्णय, बरोबर पर्यायावर खूण आणि चुकीचा पर्याय कोरा असे दोन्ही निर्णय बरोबर धरायचे, आणि प्रत्येकाला सहाचा पाचवा भाग, म्हणजे १.२ गुण द्यायचे. चौथी 'समतोल वजाबाकी': तीन बरोबर पर्यायांत सहा गुण सारखे वाटायचे, म्हणजे प्रत्येकी २, दोन चुकीच्या पर्यायांत सहा गुणांची वजाबाकी सारखी वाटायची, म्हणजे प्रत्येकी ३, आणि बेरीज शून्याखाली गेली तर शून्यच धरायचे.

आता पाच जणांची उत्तरे या चारही पद्धतींनी तपासली तर पुढील चित्र दिसते.

| निवडलेले पर्याय | सगळे किंवा शून्य | फक्त बरोबर | प्रत्येक चौकोन | समतोल वजाबाकी |
|---|---|---|---|---|
| अ, आ, इ | ६ | ६ | ६ | ६ |
| अ, आ | ० | ४ | ४.८ | ४ |
| अ, आ, इ, ई | ० | ६ | ४.८ | ३ |
| पाचही | ० | ६ | ३.६ | ० |
| एकही नाही | ० | ० | २.४ | ० |

या कोष्टकाची चौथी ओळ आधी पाहावी. 'फक्त बरोबर' पद्धतीत काहीही न वाचता पाचही चौकोनांत खूण करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, आणि ही युक्ती एकाला सापडली की जेवणाच्या सुटीत ती सर्वांपर्यंत पोहोचते. त्यानंतर त्या चाचणीतून काहीच कळत नाही. पाचव्या ओळीत 'प्रत्येक चौकोन' पद्धतीचा दोष दिसतो, कारण तिथे कोरा कागद दिला तरी सहापैकी २.४ गुण पडतात, आणि चुकीचे पर्याय जितके अधिक, तितकी ही फुकटची कमाई वाढते. शिवाय याच पद्धतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचे गुण सारखे, ४.८, येतात, म्हणजे एक सोय माहीत नसणे आणि पोलिसांची खोटी अट मनात धरणे हे तिला एकच वाटते, आणि वर सांगितलेला भेदच पुसला जातो.

'सगळे किंवा शून्य' पद्धतीत फसवणुकीला वाव जवळजवळ नाही. पाच चौकोनांत खूण करण्याच्या किंवा न करण्याच्या एकूण ३२ रीती होतात, त्यातली एकच बरोबर असते. पण दुसऱ्या ते पाचव्या ओळीतील चारही जणांना ती एकाच शून्यात टाकते, आणि त्यामुळे कोणाला थोडे शिकवायचे आहे आणि कोणाला मुळापासून, हे प्रशिक्षकाला कळत नाही. नियमपालनाच्या प्रशिक्षणात क्रमवारी लावायची नसते, पुढच्या खेपेला काय समजावायचे ते शोधायचे असते, म्हणून ही हानी मोठी आहे.

समतोल वजाबाकीत पाचही उत्तरे आपापल्या जागी बसतात: अपुऱ्या पण शुद्ध ज्ञानाला ४, पूर्ण पण भेसळीच्या ज्ञानाला ३, आंधळ्या खुणांना आणि कोऱ्या कागदाला शून्य. सगळ्या चौकोनांत खूण केली की मिळालेले ६ आणि वजा झालेले ६ एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हे पर्याय किती आहेत यावर अवलंबून नसते. जिथे वजाबाकी समतोल नसते, तिथे हा आधार राहत नाही. अमेरिकेत परिचारिकांच्या परवाना परीक्षेत एप्रिल २०२३ पासून अशा काही प्रश्नांना प्रत्येक बरोबर निवडीस अधिक एक, प्रत्येक चुकीच्या निवडीस उणे एक आणि शून्याचा तळ असा नियम लागू झाला. तोच नियम आपल्या प्रश्नाला लावला तर पाचही खुणा करणाऱ्याला तीन वजा दोन, म्हणजे तीनपैकी एक गुण मिळतो. दोन बरोबर आणि चार चूक पर्याय असते तर त्याला काहीच मिळाले नसते. आंधळ्या खुणांची कमाई अशी प्रश्नागणिक बदलत राहिली तर परीक्षार्थीला ती समजावून सांगणे कठीण होते.

शून्याच्या तळाची थोडी किंमत मोजावी लागते, हेही नोंदवणे आवश्यक आहे. प्रत्येक चौकोनासाठी नाणे उडवून खूण करणाऱ्याचे गुण तळ नसता तर सरासरीने शून्य आले असते. तळामुळे उणे बेरजा शून्य होतात आणि सरासरी सव्वा गुणाच्या थोडी आत, १.१२५ वर येते. उत्तीर्ण होण्याची रेषा ८० टक्क्यांवर असेल, तर एवढ्याने काही बिघडत नाही.

५. तळ हवा की नको

महाराष्ट्रातील अनेक घरांना अंशतः गुणदानाची ओळख आयआयटीच्या प्रवेशासाठीच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेमुळे झालेली आहे. तिच्या २०२३ च्या प्रश्नपत्रिकेत अशा प्रश्नांना सर्व बरोबर पर्याय निवडल्यास ४ गुण होते. चारही पर्याय बरोबर असताना तीनच निवडल्यास ३, तीन किंवा अधिक बरोबर असताना दोन बरोबर निवडल्यास २, दोन किंवा अधिक बरोबर असताना एक बरोबर निवडल्यास १, काहीच न निवडल्यास ०, आणि एकही चुकीची खूण आल्यास उणे २. म्हणजे तिथे पर्याय सुटण्याला सवलत आहे, चुकीच्या खुणेला नाही, आणि उणे गुण बाकीच्या प्रश्नांची कमाई खातात.

लाखोंमधून मोजके निवडायचे असतात तेव्हा हा कठोरपणा समजण्यासारखा आहे. मिलमधल्या कामगाराच्या चाचणीत मात्र तो अस्थानी ठरतो. तिथे कोणाला मागे टाकायचे नसते, आणि उणे गुणांच्या धाकाने माणूस चौकोन कोरे ठेवू लागला तर त्याच्या डोक्यातली चुकीची समजूत कागदावर येतच नाही. जी समजूत शोधायची होती, तीच लपून राहते. म्हणून एका प्रश्नातली वजाबाकी त्याच प्रश्नापुरती असावी, पुढच्या प्रश्नाच्या गुणांना तिने हात लावू नये.

६. नियम सांगावा कसा

गुणदानाचा नियम चाचणीआधी सांगणे हे न्यायाचे आहे यात वाद नाही, पण सांगण्याच्या रीतीत एक खाच आहे जी पुष्कळदा लक्षात येत नाही. 'हा प्रश्न ६ गुणांचा आहे, प्रत्येक बरोबर निवडीस २ गुण' असे लिहिले की बरोबर पर्याय तीन आहेत हे भागाकार करणाऱ्याला लगेच कळते. मग ३२ रीतींऐवजी पाचांतून तीन निवडण्याच्या १० रीतीच उरतात, आणि प्रश्नही बदलतो, कारण 'किती लागू आहेत' हे ठरवणे हा बहुनिवड प्रश्नाचा अर्धा भाग असतो. म्हणून एकेका निवडीचे गुण न देता नियम शब्दांत सांगावा, तोही उदाहरणासह, जसे:

"या प्रश्नात एकाहून अधिक पर्याय बरोबर आहेत. सर्व बरोबर पर्यायांत मिळून ६ गुण सारखे वाटलेले आहेत. सर्व चुकीच्या पर्यायांत मिळून ६ गुणांची वजाबाकी सारखी वाटलेली आहे. सगळेच पर्याय निवडल्यास ० गुण मिळतात, आणि काहीच न निवडल्यासही ०. या प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत."

मूडल या शिक्षणप्रणालीत हा नियम बसवणे सोपे आहे. तिच्यात प्रत्येक पर्यायाला टक्के द्यावे लागतात, बरोबर पर्यायांची बेरीज शंभर व्हावी लागते, आणि प्रश्नाचे गुण शून्याखाली जाऊ न देण्याची व्यवस्था आधीच असते. आपला प्रश्न तिच्या 'गिफ्ट' नावाच्या साध्या मजकुराच्या साच्यात असा उतरतो:

```
::SC-01::लागू असतील ती सर्व विधाने निवडा. {
~%33.33333%रोजंदारीवरील महिलेला संरक्षण आहे.
~%33.33333%तक्रार स्थानिक समितीपुढे चालते.
~%33.33333%नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते.
~%-50%आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो.
~%-50%३० दिवसांनंतर तक्रार करता येत नाही.
}
```

चुकीच्या पर्यायांपुढचे उणे ५० लिहायचे राहून गेले आणि तिथे शून्य पडले, तर ही प्रणाली गुपचूप 'फक्त बरोबर' पद्धतीने चालू लागते. हे ओळखण्याची रीत म्हणजे चाचणी खुली करण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नात सगळ्या चौकोनांत खुणा करून एकदा उत्तर पाठवून पाहणे: शून्याखेरीज काहीही आले तर कुठेतरी टक्के चुकलेले आहेत.

७. पर्याय कसे असावेत

समतोल वजाबाकीचा नियम पर्यायांवरही बंधन घालतो. पाचही पर्याय बरोबर असतील तर वजाबाकी वाटायला कोणी उरत नाही आणि सगळ्या खुणा करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. एकच पर्याय चुकीचा असेल तर सगळी वजाबाकी त्याच्या एकट्यावर येते, आणि एका चुकीच्या खुणेने बाकीचे सारे बरोबर असूनही प्रश्न शून्यावर येतो. दोन्ही बाजूंना किमान दोन पर्याय ठेवले की हे टळते.

याहून कठीण काम आहे प्रत्येक पर्याय निर्विवाद करण्याचे. 'तक्रार लेखी असावी लागते' हे विधान घ्यावे. कलम ९ लेखी तक्रारच मागते, म्हणून ते बरोबर वाटते. पण जिला लिहिता येत नाही तिला तक्रार लेखी करण्यासाठी सर्व वाजवी मदत करणे हे त्याच कलमाने समितीच्या सदस्यांवर सोपवलेले आहे, म्हणून ज्या कामगार महिलेला लिहिता येत नाही ती हे विधान 'माझ्यासारखीला तक्रार करता येत नाही' असे वाचून चूक ठरवेल, आणि तिचे वाचन अवाजवी म्हणता येणार नाही. इथे दोष तिच्या उत्तरात नसून विधानात आहे. तेच 'लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून काढायला समितीने मदत करायची असते' असे केले की वाद राहत नाही. मुदतीच्या पर्यायातही हाच धोका होता: 'तक्रार तीन महिन्यांतच करावी लागते' असे लिहिले असते तर मुदतवाढीची तरतूद जाणणारा अडखळला असता आणि न जाणणारा निश्चिंतपणे खूण करून मोकळा झाला असता, म्हणजे अधिक जाणणाऱ्याचे गुण गेले असते. '३० दिवस' म्हटल्याने दोघांनाही एकच उत्तर उरते.

असा सदोष पर्याय चाचणी झाल्यावरही सापडतो, फक्त त्यासाठी एकूण गुणांबरोबर प्रत्येक पर्यायावरच्या खुणाही जपून ठेवाव्या लागतात. ज्यांचे बाकीचे प्रश्न उत्तम गेले आहेत, तेच एखाद्या 'चुकीच्या' पर्यायावर मोठ्या संख्येने खूण करत असतील, तर आधी कायद्याचे कलम आणि पर्यायाचे शब्द पुन्हा ताडून पाहावेत. पर्याय सदोष निघाला तर तो वगळून उरलेल्या पर्यायांत गुण नव्याने वाटावेत, आणि हे सर्वांच्या उत्तरपत्रिकांना सारखे लावावे, केवळ हरकत घेणाऱ्याच्या नव्हे.

८. गुण पुरे, तरी एक खूण धोक्याची

अशा दहा प्रश्नांची चाचणी ६० गुणांची झाली आणि उत्तीर्णतेची रेषा ८० टक्के ठेवली, तर ४८ गुण लागतात. 'आधी पोलिसांत जावे लागते' या पर्यायावर खूण करणाऱ्याचे तीनच गुण जातात, म्हणून बाकी सगळे बरोबर असल्यास तो ५७ गुणांनी उत्तीर्ण होतो आणि ती समजूत सोबत घेऊन कामावर परततो. वजाबाकी वाढवून यावर उपाय करण्याचा मोह होतो, पण तसे केले की समतोल मोडतो आणि सांगितलेला नियम खोटा पडतो.

त्याऐवजी दुसरा, गुणांपासून स्वतंत्र असा नियम ठेवणे बरे. प्रत्येक प्रश्नातील चुकीच्या पर्यायांपैकी ज्यांच्यामुळे कोणाची तक्रार अडेल किंवा कोणाचे नाव उघड होईल, असे मोजके पर्याय आधीच ठरवून ठेवावेत. तक्रार करणारीची ओळख आणि तक्रारीतील मजकूर प्रसिद्ध करायला कलम १६ मनाई करते, म्हणून 'तक्रारदाराचे नाव सूचनाफलकावर लावावे' हा पर्याय अशा यादीत नक्की बसतो. त्यावर खूण झाली तर गुण कितीही असोत, त्या व्यक्तीने तो भाग पुन्हा शिकावा आणि तेवढाच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा सोडवावा. हा नियमही चाचणीआधी सांगावा. कोणते पर्याय यादीत आहेत, ते मात्र सांगू नये.

९. प्रश्न वाचून दाखवायचा असेल तर

राईस मिलच्या हंगामी कामगारांत वाचता न येणारेही असतात, आणि त्यांची चाचणी प्रशिक्षकाने पर्याय मोठ्याने वाचून घ्यावी लागते. तोंडी चाचणीत प्रत्येक विधानाला 'हो', 'नाही' किंवा 'ठाऊक नाही' असे उत्तर येते, म्हणजे कोऱ्या चौकोनामागे जे दडून राहत होते, ते इथे ऐकू येते. गुण तरीही समतोल वजाबाकीनेच द्यावेत: 'हो' म्हणजे खूण, आणि 'नाही' व 'ठाऊक नाही' ही दोन्ही उत्तरे म्हणजे कोरा चौकोन, म्हणजे कागदावर चाचणी देणाऱ्याशी तुलना बिघडत नाही. नोंदवहीत मात्र ती दोन उत्तरे वेगळी लिहावीत. इ या विधानाला 'नाही' म्हणणाऱ्या बाईला नोडल अधिकारी तक्रार घेत नाही असे कोणीतरी सांगितलेले असण्याची शक्यता असते, आणि ते कोणी सांगितले हे तिला विचारता येते. 'ठाऊक नाही' म्हणणारीला ती सोय पहिल्यांदाच सांगायची असते. वाचून दाखवणारी व्यक्ती मुकादम असू नये, कारण प्रश्न मुकादमाच्याच वागण्याचा आहे आणि त्याच्यासमोर दिलेल्या 'हो' आणि 'नाही'चा भरवसा धरता येत नाही.